सात छोटी काँट्रॅक्ट आणि एक पूर्णवेळ जेडी: फ्रीलान्सरला गुण कसे द्यायचे

प्रश्न: आमच्या पुण्याच्या ऑफिसात बॅकएंड डेव्हलपरची पूर्णवेळ जागा आहे. जेडीत ‘पायथन-जँगोचा किमान ४ वर्षं अनुभव’ लिहिलंय. एका फ्रीलान्सरचा रेझ्युमे आलाय, त्यात सात छोटी काँट्रॅक्ट आहेत. महिन्यांची बेरीज बरोबर ४८ येते. मॅनेजर म्हणतात, ‘ही काय चार वर्षं झाली का?’ मला शीटमध्ये काहीतरी आकडा टाकायचाय. कसा काढू?

उत्तर:

मॅनेजरांची शंका रास्त आहे, पण तेवढ्यावर रेझ्युमे बाजूला टाकू नका. एका आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या की असा घोळ होतो. माणसाने किती काम केलं हा एक हिशेब, आणि त्या कामातून जेडीतली कोणती अट भागते हा दुसरा. आधी पहिला उरकून घ्या. तो नुसता अंकगणिताचा आहे.

समजा रेझ्युमेतली कामं अशी आहेत. तास विचारून घ्यावे लागतात, रेझ्युमेत ते बहुधा नसतातच.

| काम | कालावधी | महिने | महिन्याला तास |
|---|---|---|---|
| लॉजिस्टिक्स कंपनी, ट्रॅकिंग | एप्रिल ते सप्टेंबर २०२१ | ६ | ८० |
| शाळेचं फी पोर्टल | जुलै ते ऑक्टोबर २०२१ | ४ | ६० |
| शेतमाल खरेदी-विक्री | जानेवारी ते ऑगस्ट २०२२ | ८ | १२० |
| वर्डप्रेस साइट | मार्च ते मे २०२२ | ३ | ४० |
| हॉस्पिटल अपॉइंटमेंट | ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२३ | ६ | १०० |
| तीच लॉजिस्टिक्स कंपनी, पुन्हा | फेब्रुवारी २०२३ ते जानेवारी २०२४ | १२ | १०० |
| ब्रिटनमधला क्लायंट, पेमेंट जोडणी | एप्रिल ते डिसेंबर २०२४ | ९ | १३० |

शेवटून दुसऱ्या रकान्याची बेरीज ४८. पण जुलै २०२१ हा महिना यात दोनदा मोजला गेलाय, मार्च २०२२ दोनदा आणि फेब्रुवारी २०२३ सुद्धा दोनदा. रेझ्युमे वाचणारी बरीचशी सॉफ्टवेअरं इथेच फसतात. काही नुसती बेरीज करतात आणि माणूस फुगतो. काही प्रत्येक काँट्रॅक्टला वेगळी नोकरी समजतात, सरासरी सात महिन्यांच्या आत काढतात आणि ‘सारखा नोकऱ्या बदलणारा’ असा शिक्का मारतात. दोन्ही निकाल त्याच सात ओळींतून निघतात.

उपाय साधा आहे. शीटमध्ये आडवे महिने घ्या, एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२४, म्हणजे ४५ रकाने, B पासून AT पर्यंत. उभी सात कामं, ओळ ३ ते ९. प्रत्येक खान्यात त्या महिन्याचे तास भरा. दहाव्या ओळीत महिन्याची बेरीज येईल:

```
B10:  =SUM(B3:B9)        (AT10 पर्यंत ओढा)
AV1:  =COUNTIF(B10:AT10,">0")
AV2:  =SUM(B10:AT10)
AV3:  =MAX(B10:AT10)
```

AV1 म्हणजे खरोखर काम चालू असलेले महिने. ते ४० येतात, ४८ नाहीत. उरलेले पाच महिने रिकामे: नोव्हेंबर-डिसेंबर २०२१, सप्टेंबर २०२२ आणि फेब्रुवारी-मार्च २०२४. दोन कामांच्या मधली एवढी फट फ्रीलान्सिंगमध्ये रोजची आहे. त्याचे गुण कापू नका.

AV2 मध्ये एकूण तास ४७७० येतात. वर्डप्रेसचे १२० तास या जेडीच्या कामाचे नाहीत, ते वजा केले की ४६५० राहतात. आता याला कशाने भागायचं? बहुतेक जण डोळे मिटून १६० ने भागतात, महिन्याचे २० दिवस आणि दिवसाचे ८ तास. उत्तर येतं २९ महिने, आणि उमेदवार बाद. पण ही तुलना बरोबरीची नाही. फ्रीलान्सरने बिल केलेला तास हा सहसा निव्वळ कामाचा तास असतो. पगारी माणसाच्या आठ तासांत स्टँडअप, टाउनहॉल, चहा आणि लॅपटॉप अपडेट होईपर्यंतची वाट, सगळं आलं. स्प्रिंटचं नियोजन करताना तुमची टीम माणशी दिवसाला किती तास धरते ते मॅनेजरांना विचारा. पुष्कळ ठिकाणी सहा धरतात. तोच भाजक इथे वापरा: २० दिवस गुणिले ६, म्हणजे १२०. आता ४६५० भागिले १२० म्हणजे पावणेएकोणचाळीस, ३९ महिने धरा.

म्हणजे ४८ नाहीत, २९ही नाहीत. चाळीसच्या आतबाहेर. दोन स्वतंत्र वाटांनी, कॅलेंडरने ४० आणि तासांनी ३९, जवळजवळ एकच उत्तर आलं की त्यावर भरवसा ठेवता येतो. दोघांत मोठी तफावत असेल, उदाहरणार्थ कॅलेंडर ४० आणि तास १५, तर माणूस बहुतेक काळ अर्धवेळ काम करत होता आणि रेझ्युमे ते सांगत नाहीये.

AV3 कडे मात्र दुर्लक्ष करू नका. इथे तो २०० येतो, फेब्रुवारी आणि मार्च २०२३ मध्ये, हॉस्पिटल आणि लॉजिस्टिक्स एकत्र चालू असताना. महिन्याला २०० तास निव्वळ काम होऊ शकतं, पण सलग दोन महिने असेल तर विचारावं. बहुधा उत्तर असं निघतं की हॉस्पिटलचं काम ठोक रकमेवर घेतलं होतं, तासांची नोंदच नव्हती, १०० हा अंदाज होता. ठोक कामात हे नेहमीचंच. अशा अंदाजाच्या खान्यांना वेगळा रंग द्या आणि ते तास निम्मे करून एकदा पुन्हा भागून बघा. ६०० चे ३०० केले तरी ४३५० भागिले १२० म्हणजे ३६ महिने राहतात. निष्कर्ष फारसा हलत नाही, तेव्हा त्या एका कामावरून वाद घालण्यात अर्थ नाही. निष्कर्ष हलला असता तर मात्र खोदून विचारायला हवं होतं.

इथवर काम किती केलं ते कळलं. आता खरा प्रश्न. जेडीत ४ वर्षं लिहिलंय आणि हाती साधारण सव्वातीन आहेत, मग काय?

उमेदवाराला फोन लावण्याआधी मॅनेजरांकडे जा आणि विचारा, ‘४ वर्षं’ या शब्दांआड तुम्हाला नेमकं काय हवंय? वर्षं ही फक्त खूण असते. पूर्णवेळ माणसाच्या बाबतीत ती खूण बऱ्यापैकी चालते, कारण चार वर्षं एका-दोन कोडबेसवर बसलेला माणूस आपसूक काही गोष्टींतून गेलेला असतो: स्वतःच्याच जुन्या चुका, रात्री पडलेला सर्व्हर, नवीन आलेल्या पोराला समजावून सांगणं. फ्रीलान्सरच्या बाबतीत तीच खूण फसवी ठरते. दहा छोटी कामं म्हणजे दहा महिन्यांचा अनुभव असेलही, पण कधीकधी तो दहा वेळा पहिलाच महिना असतो. सुरुवात करायची, बांधायचं, सोपवायचं, निघायचं. सोपवल्यानंतर काय झालं हे त्याला कधी दिसलेलंच नसतं.

मॅनेजरांशी बोलून जेडी अशी फोडली आहे असं धरा. पायथन-जँगोवर स्वतंत्रपणे काम, वजन ३०. चालू सिस्टीमची जबाबदारी, म्हणजे बिघडलं की उठणारा माणूस हाच, वजन २५. पोस्टग्रेसचा वेग सांभाळणं, वजन २०. वाढत जाणाऱ्या जुन्या कोडमध्ये काम, वजन १५. दुसऱ्याच्या कोडचा रिव्ह्यू आणि ज्युनिअरला हात देणं, वजन १०. चौथी अट बहुतेक जेडींत लिहिलेलीच नसते, पण ‘४ वर्षं’च्या आड तीच दडलेली असते. ती उघड केली की निम्मा वाद मिटतो.

प्रत्येक अटीला ० ते ४. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही. एक म्हणजे नाव माहीत आहे, दुसऱ्याच्या हाताखाली केलंय. दोन म्हणजे एका कामात स्वतः पूर्ण केलंय. तीन म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी केलंय, किंवा एकाच ठिकाणी केलं आणि त्याचे परिणाम निस्तरायलाही तिथेच होता. चार म्हणजे त्या बाबतीत इतर लोक त्याच्यावर अवलंबून होते.

गुण अटीला द्यायचे, कामाला नाही. हे सगळ्यात जास्त चुकतं. लोक सात कामांना सात गुण देतात आणि सरासरी काढतात. मग चांगल्या बारा महिन्यांच्या कामाला तीन महिन्यांची वर्डप्रेस साइट खाली खेचते. माणसाने मध्ये घरभाड्यासाठी एक साधं काम घेतलं म्हणून त्याचं पोस्टग्रेस कच्चं होत नाही. बेरीजही करू नका. दोन गुणांची पाच कामं मिळून चार होत नाहीत. प्रत्येक अटीसाठी त्यातलं सर्वांत ठळक काम शोधा, त्याचा गुण घ्या, आणि दुसऱ्या ठिकाणी तसाच पुरावा असेल तरच एक पायरी वर जा.

आपल्या उदाहरणात सर्वांत मोलाची ओळ सहावी आहे: ‘तीच लॉजिस्टिक्स कंपनी, पुन्हा’. सप्टेंबर २०२१ मध्ये काम संपलं, मग १६ महिने मध्ये गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लायंटने त्यालाच बोलावलं, तेही वर्षभरासाठी. याचा अर्थ त्याने आपलंच दीड वर्षापूर्वीचं कोड उघडलं. फ्रीलान्सरच्या रेझ्युमेत अशी संधी क्वचित सापडते. मुलाखतीत सरळ विचारा: ‘परत गेलात तेव्हा तुम्ही स्वतः लिहिलेलं काय बदलावं लागलं?’

खऱ्या उत्तराला पोत असतो. उदाहरणार्थ, ‘पार्सलची स्थिती मी एकाच तक्त्यात जुनी पुसून नवी लिहीत होतो. मग त्यांना कळेना, पार्सल कधी कुठे होतं. २०२३ मध्ये प्रत्येक बदलाची वेगळी ओळ ठेवायला लागलो, तर तो तक्ता फुगला आणि शोध मंद झाला. `EXPLAIN ANALYZE` चालवलं तर सगळा तक्ता वाचला जात होता. पार्सल क्रमांक आणि वेळ मिळून इंडेक्स टाकला.’ एवढ्या एका उत्तरात चौथी अट तीनवर जाते, आणि पोस्टग्रेसचा एक पक्का पुरावाही मिळतो. पोकळ उत्तर असं असतं: ‘आम्ही सिस्टीम अधिक स्केलेबल केली.’ त्यात चूक कुठेच नाही आणि मी सुद्धा कुठेच नाही. ‘आम्ही’ कोण, असं एकदा विचारून बघा. एकट्याने केलेल्या कामात ‘आम्ही’ आलं तर मध्ये एखादी एजन्सी होती किंवा काम वाटून दिलं होतं. दोन्ही चालतं, फक्त कळलं पाहिजे.

चालू सिस्टीमच्या जबाबदारीसाठी तारखा बघा. काम ‘डिलिव्हरी’च्या दिवशी संपलं की त्यानंतर काही महिने चालू राहिलं? शाळेचं पोर्टल ऑक्टोबरमध्ये दिलं आणि संपलं. तिथे सर्व्हर पडला तर फोन कोणाला गेला हे त्याला ठाऊकही नसेल, तेव्हा त्या कामाचा या अटीला गुण नाही. पेमेंटचं काम नऊ महिने चाललं. विचारा, पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली नाही असं झालं की कळायचं कसं, आणि पहिला मेसेज कोणाला जायचा? रोजचा ताळमेळ लावणारी स्क्रिप्ट, एकाच पेमेंटची सूचना दोनदा आली तर दुसरी टाळण्याची सोय, अशा गोष्टी स्वतःहून निघाल्या तर तीन द्यायला हरकत नाही.

रिव्ह्यू आणि ज्युनिअर ही अट इथे लंगडी पडते आणि पडू द्यावी. एकट्याच्या कामात रिव्ह्यू करायला दुसरा माणूसच नव्हता. काही मुलाखतकार दया येऊन ‘क्लायंटला समजावून सांगायचा ना’ म्हणून दोन देतात. ते वेगळं कौशल्य आहे. या उमेदवाराला एक.

आता मांडू. पायथन-जँगो ३, म्हणजे ३० चे तीन चतुर्थांश, २२.५. जबाबदारी ३, म्हणजे १८.७५. पोस्टग्रेस ३, म्हणजे १५. जुनं कोड ३, म्हणजे ११.२५. रिव्ह्यू १, म्हणजे २.५. एकूण ७०.

या ७० च्या शेजारी आणखी एक रकाना हवा: पुरावा कसला. ‘क’ म्हणजे क्लायंटने किंवा कागदाने दुजोरा दिलाय. ‘ख’ म्हणजे मुलाखतीत तपशील उलटसुलट विचारले आणि जुळले. ‘ग’ म्हणजे फक्त रेझ्युमेत लिहिलंय. हा दर्जा गुणात मिसळू नका. मिसळला की ‘काम येत नाही’ आणि ‘काम दाखवता येत नाही’ यांत फरक उरत नाही, आणि गोपनीयतेचा करार पाळणारा माणूस नाहक मार खातो. त्याऐवजी ‘ग’ असलेल्या अटींचा एक-एक गुण कमी करून खालची मर्यादा काढा. समजा पोस्टग्रेसच्या तीनपैकी दुसऱ्या ठिकाणचा, हॉस्पिटलचा, दाखला अजून ‘ग’ आहे. मग तिथे ३ चे २, १५ चे १०, आणि एकूण ६५. उमेदवार ६५ ते ७० मध्ये आहे. पुढच्या फेरीसाठी तुमची रेषा ६० असेल तर आत्ता पडताळणीच्या मागे लागू नका. रेषा ६८ असेल तर आधी तोच एक दाखला पक्का करा.

गोपनीयतेचा करार असेल तर क्लायंटचं नाव आणि कोड मागू नका. कोरा कागद द्या आणि डेटा कुठून येतो, कुठे साठतो, कुठे तुंबतो एवढं काढायला सांगा. नावं ‘अ कंपनी’, ‘ब कंपनी’ चालतील. ज्याने केलंय तो दोन मिनिटांत तुंबणाऱ्या जागेवर बोट ठेवतो.

पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सीला काम देण्याआधी एक सूचना द्या, नाहीतर ऑफरच्या तोंडावर गोंधळ होतो. त्यांची नेहमीची पद्धत म्हणजे यूएएनवरून पीएफची नोंद बघणं. फ्रीलान्सरच्या त्या काळात तिथे काहीच नसणार आणि अहवालात ‘नोकरी आढळली नाही’ असं लाल अक्षरात येणार. त्याऐवजी त्या वर्षांचा फॉर्म २६एएस मागा. टीडीएस कापणाऱ्याचं नाव, टॅन आणि तारीख त्यात असते. रकमा झाकून द्यायला सांगा, त्याची कमाई तुम्हाला कळायची गरज नाही. परदेशी क्लायंट यात दिसणार नाही, त्यासाठी बँकेची परदेशातून पैसे आल्याची पावती चालते. छोट्या व्यक्तिगत क्लायंटला किंवा मर्यादेखालच्या रकमेला टीडीएस लागूच नसतो, तिथे बिल आणि बँकेतली जमा एवढ्यावर भागवा. दोन जागी लोक अडखळतात. २६एएस मधली तारीख पैशाची असते, कामाची नाही, आणि पैसे दोन-तीन महिने मागे पडणं नवल नाही. तारखा सरकलेल्या दिसल्या म्हणजे खोटं नव्हे, सगळ्या एकाच बाजूला सरकल्यात का एवढं बघा. आणि काम एजन्सीमार्फत असेल तर तिथे एजन्सीचं नाव येईल, रेझ्युमेत मात्र शेवटच्या क्लायंटचं. मधला दुवा विचारला की जुळतं.

मॅनेजर आणखी एक गोष्ट काढतील: ‘हा टिकेल का?’ प्रश्न विचारण्याजोगा आहे, पण या शीटमध्ये त्याला रकाना देऊ नका. दिलात तर ‘मला नाही वाटत’ हे मत दहा गुणांचं रूप घेऊन बसेल आणि कुठून आलं ते कोणाला सांगता येणार नाही. तो एचआरच्या फेरीत समोरासमोर विचारा: पूर्णवेळ आत्ताच का हवंय, आणि ऑफिसची वेळ, रजेची परवानगी, एकाच क्लायंटचं काम हे कसं वाटतंय.

आणि हीच पाच अटींची शीट त्या जागेच्या पगारी उमेदवारांनाही लावा, तशीच. एकाच कंपनीत साडेचार वर्षं काढलेल्याला ‘अनुभव’ म्हणून आंधळे गुण देऊन फ्रीलान्सरकडूनच पुरावे मागितलेत तर ७० हा आकडा कशाशी ताडणार? पुष्कळदा असं दिसतं की पगारी उमेदवार रिव्ह्यूमध्ये तीन घेतो आणि चालू सिस्टीमच्या जबाबदारीत एकावर अडकतो, कारण ते काम दुसरी टीम बघायची. मग निवड मॅनेजरांनी करायची: रिव्ह्यू शिकवायचा की रात्रीचा फोन उचलायला.

ऑफर लेटर काढण्याआधी चालू असलेली काँट्रॅक्ट लेखी मागून घ्या, प्रत्येकाची सोडण्याची मुदत किती दिवसांची ते सुद्धा. नोटीस पीरियड नाही म्हणून फ्रीलान्सर सोमवारपासून रुजू होईल असं गृहीत धरलं जातं, आणि मग महिनाभर त्याचे जुने क्लायंट दुपारी फोन करत राहतात. तुमच्या नेमणूक पत्रात बाहेरचं काम न करण्याचं कलम असेल तर देखभालीचं एखादं काम कोणत्या तारखेला संपणार ते त्या पत्रातच लिहा, आणि रुजू होण्याची तारीख त्यानंतरची ठेवा.